नव्याने टगवर येणाऱ्यांसाठी: अझिमथ टग, बोलार्ड पुल आणि जहाज सांभाळून ढकलणं-ओढणं

मुंबई बंदरात किंवा न्हावा-शेव्याला टगवर रुजू होणारी बरीच मुलं आमच्याच पट्ट्यातली असतात. दापोली, गुहागर, रत्नागिरी, मालवण. होडी कशी चालते हे त्यांना सांगावं लागत नाही. पण टग ही निराळी गोष्ट आहे. होडी स्वतः चालते, टग दुसऱ्याला चालवतो, आणि ते दुसरं धूड टगच्या दोनशेपट वजनाचं असतं. मी खलाशी म्हणून जुन्या पद्धतीच्या टगवर चढलो आणि आता अझिमथ टगवर मास्टर आहे. पहिल्या काही महिन्यांत जे मला कुणी तरी सलग बसून सांगायला हवं होतं, ते इथे कामाच्या क्रमाने लिहितो आहे. उदाहरण म्हणून एकच काम धरलं आहे: तीनशे मीटरचं कंटेनर जहाज धक्क्याला लावणं.

पहिली पायरी: आपला टग कोणत्या जातीचा ते ओळखा

टगवर पाय ठेवल्यावर दोनच गोष्टी शोधा. पंखा कुठे आहे आणि दोर कुठून निघतो. टगची जात या दोन जागांवरून ठरते, आणि तो कधी उलटू शकतो हेही त्यांवरूनच ठरतं.

जुन्या, म्हणजे कन्व्हेन्शनल टगला पंखा आणि सुकाणू मागे असतं, आणि ओढायचा हूक जवळजवळ मधोमध, थोडा मागे. टग पुढे तोंड करून चालतो आणि दोर मागे जातो. समुद्रात बार्ज ओढत लांब न्यायला ही रचना उत्तम. बंदरात मोठ्या जहाजाजवळ मात्र हीच रचना धोक्याची ठरते, कारण जोर मागून येतो आणि ओढ मधोमध बसते. दोर बाजूला गेला की टगला स्वतःचं तोंड फिरवताच येत नाही.

ट्रॅक्टर टगमध्ये हे उलटं केलं आहे. पंखे पुढच्या भागाखाली, दोर मागून. काही ट्रॅक्टर टगना फॉइट श्नायडर पद्धतीची, पोटाखाली उभी पाती गोल फिरणारी यंत्रणा असते, काहींना अझिमथ थ्रस्टर, म्हणजे चौफेर फिरणारे पंखे असतात. पंखा पुढे आणि ओढ मागे असल्यामुळे दोराचा ताण टगला आपोआप दोराच्याच रेषेत आणतो. बैलाच्या मागे गाडी यावी तसं.

आज आपल्या बंदरांत तुम्हाला बहुतेक वेळा भेटेल तो एएसडी, म्हणजे अझिमथ स्टर्न ड्राइव्ह. दोन अझिमथ थ्रस्टर मागे, आणि मुख्य विंच पुढे, नाळेवर. जहाजाचा दोर नाळेवरून घेतला की हा टग ट्रॅक्टरसारखाच वागतो, कारण पंखा एका टोकाला आणि ओढ दुसऱ्या टोकाला. पण त्याच एएसडीच्या मागच्या हुकावर दोर घेतलात तर त्या क्षणापासून तो कन्व्हेन्शनल टग झाला, त्याचे सगळे धोके घेऊन. ही एक गोष्ट अनेक जण वर्षानुवर्षं काम करूनही विसरतात. तीन थ्रस्टरचे रोटर टगही असतात, दोन पुढे आणि एक मागे. त्यांची चाल वेगळी शिकावी लागते, म्हणून इथे त्यांच्यात शिरत नाही.

दुसरी पायरी: अझिमथ हातात बसवा

अझिमथ थ्रस्टरची कल्पना साधी आहे. इंजिनाचा शाफ्ट आडवा येतो, दातेरी चाकांनी वळून सरळ खाली जातो, आणि खाली पुन्हा वळून पंखा फिरवतो. शाफ्टची ही वाट झेड अक्षरासारखी, म्हणून तिला झेड ड्राइव्ह म्हणतात. खालचा सगळा भाग पंख्यासकट गोल फिरतो, पूर्ण ३६० अंश. वेगळं सुकाणू लागतच नाही, पंखाच सुकाणू. जर्मनीत जोसेफ बेकर यांच्या शॉटेल कंपनीने १९५० मध्ये असा फिरता पंखा आणला. पंख्याभोवती लोखंडी कडं असतं, त्याला नोझल म्हणतात. टग जागच्या जागी जोर लावतो तेव्हा हे कडं पाण्याचा झोत बांधून ठेवतं, आणि त्याच इंजिनातून साधारण पाव हिस्सा जास्त जोर मिळतो.

व्हीलहाउसमध्ये दोन हँडल असतात, डाव्या थ्रस्टरचं डाव्या हाताखाली आणि उजव्याचं उजव्या. हँडल फिरवलं की दिशा बदलते, पुढे ढकललं की जोर वाढतो. पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचाराच: या टगवर हँडलचा बाण टग कुठे जाणार ते दाखवतो, की पाण्याचा झोत कुठे जाणार ते? सगळ्या बनावटींत हे सारखं नसतं. दुसऱ्या टगवरून बदली होऊन आलेल्या माणसाचा हात जुन्या सवयीने उलटा फिरलेला मी पाहिला आहे. बाजूला जहाज नव्हतं म्हणून निभावलं.

सराव मोकळ्या पाण्यात करा, आणि आधी थांबायला शिका. इंजिन अगदी कमी फेऱ्यांवर असलं तरी क्लच लागलेला असेल तर पंखा थोडा जोर लावतच राहतो. म्हणून जागेवर उभं राहायचं तर दोन्ही थ्रस्टर एकमेकांविरुद्ध, बाहेरच्या बाजूला वळवायचे. डाव्याचा झोत डावीकडे, उजव्याचा उजवीकडे. दोघांचे जोर एकमेकांना खातात आणि टग पाण्यावर नुसता थरथरत उभा राहतो. ही तुमची विश्रांतीची जागा. दिवसभरातली प्रत्येक हालचाल इथून सुरू करायची आणि इथेच आणून सोडायची. या स्थितीतून दोन्ही हँडल थोडी पुढे वळवली की टग सरकत पुढे निघतो, थोडी मागे वळवली की मागे. इंजिनाच्या फेऱ्यांना हात लावायची गरज नसते. चालत्या टगलाही असंच थांबवता येतं: दोन्ही झोत बाहेर फेकले की तो फार थोड्या अंतरात उभा राहतो. पण पूर्ण वेगात असताना हँडल झटक्यात फिरवू नका. आधी फेऱ्या कमी करा, मग दिशा बदला. नाहीतर टग एका अंगावर कलंडतो आणि गिअरवर नको तेवढा ताण येतो.

थ्रस्टरच्या दुखण्यांपैकी दोन दुखणी ओळखता आलीच पाहिजेत. पहिलं म्हणजे दिशा अडकणं. हँडलजवळ थ्रस्टरची खरी दिशा दाखवणारा काटा असतो. हँडल फिरलं आणि काटा मागे राहिला, तर तो थ्रस्टर तुमचं ऐकत नाही. अशा वेळी हँडल हलवत बसू नका. त्या बाजूचा क्लच लगेच सोडा, जहाज आत आणणाऱ्या पायलटला सांगा, आणि मग राखीव कंट्रोलने दिशा फिरते का ते बघा. चुकीच्या दिशेला पूर्ण जोर लावणारा थ्रस्टर हा बंद थ्रस्टरपेक्षा कितीतरी वाईट. दुसरं दुखणं कचऱ्याचं. प्लास्टिक आणि तुटकी जाळी नोझलमध्ये अडकतात. त्याच फेऱ्यांना इंजिनावरचा भार वाढतो, एक्झॉस्टचं तापमान चढतं, पायाखाली वेगळीच थरथर जाणवते. जाळं शाफ्टच्या सीलपर्यंत गेलं तर गिअर तेलाच्या टाकीची पातळी हलते, किंवा आत पाणी शिरून तेल दुधाळ होतं. सकाळी त्या टाकीकडे नजर टाकणं हे दोन मिनिटांचं काम आहे. ते इंजिनवाल्यांचं म्हणून सोडून देऊ नका.

तिसरी पायरी: बोलार्ड पुलचा आकडा नीट वाचा

टगची ताकद हॉर्सपॉवरमध्ये नाही, बोलार्ड पुलमध्ये बोलतात. टगचा दोर किनाऱ्यावरच्या भक्कम बोलार्डला बांधायचा, मध्ये वजन मोजणारा लोडसेल लावायचा, आणि इंजिन पूर्ण लावून टग जागेवर उभा असताना किती टन ओढ येते ते बघायचं. पाणी पुरेसं खोल हवं, दोर लांब हवा म्हणजे टगचा झोत धक्क्यावर आपटून परत येणार नाही, आणि वारा व प्रवाह नगण्य हवेत. सुरुवातीच्या हिसक्याला दिसणारा मोठा आकडा धरायचा नसतो. काही मिनिटं सलग टिकणारी ओढ तेवढी खरी. प्रमाणपत्रात तीच लिहितात. एएसडीला साधारण पाच हजार हॉर्सपॉवर असली की बोलार्ड पुल साठ टनांच्या आसपास येतो. मागे ओढताना तो थोडा कमी भरतो, म्हणून पुढचा आणि मागचा असे दोन्ही आकडे पाठ असू द्या.

या आकड्यातला महत्त्वाचा शब्द ‘उभा’. साठ टन मिळतात ते टग पाण्यात उभा असताना. जहाज चालतंय आणि तुम्ही त्याच्या कुशीला लागून ढकलताय, तर तुमच्या जोराचा एक हिस्सा निव्वळ त्याच्याबरोबर धावण्यात जातो. तीन नॉटच्या आत हे चालवून घेता येतं. पाच-सहा नॉटला बाजूने ढकलण्यात फारसं काही उरत नाही. पायलटला साठ टनांचा टग दिसत असतो, पण त्याला मिळत असतात त्याहून बरेच कमी.

दुसरी गोष्ट दोराच्या कोनाची. समजा जहाजाचा फेअरलीड, म्हणजे दोर जहाजात शिरतो ती जागा, तुमच्या विंचपेक्षा १५ मीटर उंच आहे. तुम्ही दोर २० मीटरच सोडला, तर तो जवळजवळ ४९ अंशांत वर चढतो. टग आडवा ६० टनांचा जोर लावतोय, पण दोर तिरका असल्यामुळे त्याच्यातला ताण ९० टनांवर जातो. वरचे टन कुठून आले? ते तुमच्या टगची नाळ वर उचलत असतात. आता दोर ४५ मीटर सोडा. कोन २० अंशांच्या आत येतो आणि त्याच ६० टनांसाठी दोरात ६४ टन ताण राहतो. जहाजाला दोन्ही वेळा आडवी ओढ सारखीच मिळाली, पण पहिल्या वेळी दोर आणि तो ज्याला बांधतात तो जहाजावरचा खुंट, म्हणजे बिट, दोन्ही मरायला टेकले होते. जहाजावरच्या बिटशेजारी त्याची सुरक्षित क्षमता रंगवलेली असते. अनेक जहाजांवर ती तुमच्या टगच्या जोरापेक्षा फार जास्त नसते, क्वचित कमीच असते. पायलट चढल्यावर हा आकडा जहाजाकडून विचारून टगला सांगतो. त्याने सांगितला नाही तर तुम्ही विचारा.

लांब दोराचा आणखी एक फायदा आहे. एएसडी नाळेवरून मागे ओढतो तेव्हा थ्रस्टरचा झोत टगच्या पोटाखालून जहाजाकडे जातो. दोर आखूड असेल तर तो झोत जहाजाच्या कुशीवर आदळतो आणि जहाजाला उलट ढकलतो. तुम्ही ओढताय आणि तुमचंच पाणी ढकलतंय. इंजिन बोंबलतंय पण जहाज सुटत नाही असं दिसलं की पहिला संशय याचा घ्या, आणि जागा असेल तर दोर वाढवा.

चौथी पायरी: जहाजाला दोर देणं

निघण्याआधीची तपासणी थोडक्यात. विंचचा ब्रेक, दोराची अवस्था आणि आपत्कालीन रिलीज. रिलीजचं बटण दाबून दिवा लागला म्हणजे तपासणी झाली असं नाही. ताण असताना ड्रम खरंच सुटतो का, आणि सुटायला किती क्षण लागतात, हे ठराविक काळाने करून पाहिलं पाहिजे. नंतर मुख्य डेकवरचे सगळे पाणबंद दरवाजे आणि हॅच बंद. मुंबईच्या मे महिन्यात इंजिनरूमचं दार उघडं ठेवावंसं कुणालाही वाटतं. दोर लागलेला असताना ते उघडं ठेवायचं नाही, मग आत कितीही उकडो. डेकवर लाइफजॅकेटशिवाय कुणी नाही.

मागच्या बाजूला, म्हणजे पिछीलला, दोर देणं त्या मानाने सोपं. जहाजाच्या मागोमाग जायचं, त्याच्या पंख्याच्या पाण्यातून थोडं बाजूला राहून मधोमध यायचं. आगीलला, नाळेखाली, जाणं हे खरं कसबाचं काम. जहाज चालत असतं, आणि टग त्याच्याकडे तोंड करून, उलटा धावत, त्याच्या नाळेपुढे राहतो. नाळेपाशी पाणी दाबलेलं असतं, तिथून थोडं मागे खांद्यापाशी ते वेगाने पळतं आणि टगला आत खेचतं. खांद्यावरून पुढे नाळेकडे जाताना एका क्षणी टग ओढला जातो आणि दुसऱ्या क्षणी बाहेर फेकला जातो. हे घडणारच हे माहीत असलं की हात आधीच तयार असतो. वेग वाढला की हे जोर वर्गाने वाढतात: तीनचे सहा नॉट झाले तर जोर दुप्पट नाही, चौपट. एएसडी उलटा धावताना तसाही सरळ राहायला नाखूश असतो, आणि वेग जितका जास्त तितकी जहाजापुढे राहायला शिल्लक ताकद कमी. मी स्वतः सहा नॉटच्या वर नाळेखाली जात नाही. वेग जास्त असेल तर व्हीएचएफ रेडिओवर वेग कमी करायला सांगतो आणि बाजूला सुरक्षित अंतरावर थांबतो. असं सांगितल्याबद्दल आजवर एकाही पायलटने मला बोल लावलेला नाही.

वरून हीव्हिंग लाइन, म्हणजे फेकायची बारीक दोरी येते. डेकवरच्या माणसाने ती डोक्यावर नजर ठेवून, आडोशाला उभं राहून घ्यायची, कारण तिच्या टोकाला वजन असतं आणि काही जहाजांवर ते नको तेवढं जड असतं. तिला मेसेंजर, म्हणजे मधला पातळ दोर बांधायचा, मेसेंजरमागे आपला दोर. वरचे ‘हबेस’ करत खेचतात, तुम्ही विंचवरून दोर सोडत जायचा, पण पाण्यात लोंबू द्यायचा नाही. दोराच्या टोकाचा फासा, म्हणजे डोळा, बिटवर पडला आणि वरून हात हलला की डेक रिकामा. मुख्य दोर हल्ली हलक्या, फार मजबूत सिंथेटिक तंतूंचा असतो. तो ताणला जातो हे डोळ्यांना दिसतच नाही, आणि तुटला तर कुठे जाईल याचा भरवसा नसतो. विंचपासून फेअरलीडपर्यंतच्या रेषेत आणि तिच्या आसपास कुणीही उभं राहायचं नाही.

पाचवी पायरी: ढकलणं आणि ओढणं

ढकलायची जागा जहाजाच्या कुशीवर रंगवलेली असते. ‘TUG’ अशी अक्षरं आणि बाण. आतल्या बाजूला तिथे मजबूत आडव्या-उभ्या फासळ्या असतात. तिथून थोडं सरकलात तर समोर नुसता पत्रा असतो, आणि साठ टनांना तो दबतो. जहाजाला टेकायचं ते अलगद. फेंडर लागला, दबला, टग स्थिर झाला, मगच जोर वाढवायचा. दोर घेतलेला असेल तर ढकलतानाही त्याचा झोळ काढत राहा, म्हणजे पायलट ‘ओढ’ म्हणाला की हिसका बसणार नाही.

पायलटच्या आज्ञा व्हीएचएफवर इंग्रजीत आणि छोट्या असतात. आधी टगचं नाव, मग पुश किंवा पुल, मग डेड स्लो, हाफ, फुल. प्रत्येक आज्ञा नावासकट परत म्हणायची. दोन टग लावलेले असतात तेव्हा एकाची आज्ञा दुसऱ्याने पाळली तर जहाज जागच्या जागी फिरतं. आज्ञा पाळता येत नसेल तर तेही त्याच क्षणी सांगायचं. पायलट जहाजाच्या तीस-चाळीस मीटर उंच ब्रिजवर उभा असतो. त्याला नाळेखालचा टग बहुतेक वेळा दिसतच नाही, तुमचा आवाज हेच त्याचे डोळे.

टग कुठे लागला यावरून त्याचा परिणाम कसा बदलतो हे एकदा समजलं की पायलटच्या आज्ञा आधीच ओळखू येतात. तीनशे मीटरचं जहाज पाण्यात उभं असेल तर ते साधारण मधोमध फिरतं. पुढचा आणि मागचा टग दोघांनाही सारखाच हात मिळतो. पण जहाज पुढे चालत असेल तर फिरण्याचा बिंदू पुढे सरकतो, समजा नाळेपासून ९० मीटरवर. नाळेपासून २० मीटरवर लागलेल्या टगला आता ७० मीटरचाच दांडा मिळतो, आणि पिछाडीपासून तेवढ्याच अंतरावर लागलेल्याला १९० मीटरचा. तोच साठ टनांचा टग मागे लावला तर अडीचपटीहून जास्त फिरवतो. जहाज मागे जायला लागलं की हे उलटतं. म्हणून पायलट चालत्या जहाजाला वळवायला मागच्या टगला आधी हाक मारतो.

आता धक्क्याला लावायचा हिशोब. जहाज तीनशे मीटर, कंटेनर रचलेले, वाऱ्यासमोर येणारी बाजू समजा दहा हजार चौरस मीटर. वारा धक्क्यावरून समुद्राकडे, म्हणजे जहाजाला दूर लोटणारा. वीस नॉटच्या वाऱ्याला या बाजूवर अंदाजे ६५ टनांचा दाब येतो. पंचवीस नॉटला शंभराच्या थोडा वर, तीस नॉटला दीडशेच्या जवळ. इथेही जोर वर्गानेच वाढतो. साठ टनांचे दोन टग म्हणजे कागदावर १२०. त्यातला पाव भाग हाताशी राखला तर वापरायला ९०. वीस नॉटला ६५ टन वाऱ्याला धरून ठेवण्यात गेले, उरलेल्या २५ टनांवर जहाज धक्क्याकडे सरकवायचं. होईल, सावकाश. पंचवीस नॉटला हेच दोन टग नुसतं धरून ठेवायलाही कमी पडतात. जहाजाच्या नाळेतला आडवा पंखा, बो थ्रस्टर, मदत करेल, पण त्याच्या भरवशावर हिशोब मांडायचा नाही. तिसरा टग घ्या, नाहीतर वारा उतरेपर्यंत थांबा. पावसाळ्यात सर आली की वारा काही मिनिटांत वीसचा तीस होतो. जहाज धक्क्यापासून पन्नास मीटरवर असताना तसं झालं तर काय करायचं हे पायलट आणि टगमास्टर यांनी आधीच बोलून ठेवलेलं असावं.

वारा उलट, धक्क्याकडे लोटणारा असेल तर टगचं काम जहाजाला अडवणं. तिथे वेगाचं गणित बघा. जहाजाचं वजन एक लाख टन. बाजूने सरकताना आजूबाजूचं पाणीही त्याच्याबरोबर ओढलं जातं, म्हणून हलणारं वजन एक लाख ऐंशी हजार टन धरू. हे सगळं सेकंदाला २० सेंटिमीटरने धक्क्याकडे येतंय. साठ टनांची पूर्ण ओढ लावली तर ते थांबायला एक मिनिट आणि सहा मीटर लागतात, तेही वाऱ्याचा दाब न धरता. वेग ४० सेंटिमीटर असेल तर दोन मिनिटं आणि जवळजवळ पंचवीस मीटर. शेवटचा टप्पा सेकंदाला दहा सेंटिमीटरच्या आसपास असावा असं पायलट का म्हणतात ते यातून दिसतं. डोळ्याला दहा आणि वीस सारखेच वाटतात. धक्क्यावरच्या एखाद्या बोलार्डकडे बघत मनात सेकंद मोजायची सवय लावा.

सहावी पायरी: टग कसा उलटतो आणि कधी दोर सोडायचा

टगवर माणसं मरतात त्यातला एक मोठा प्रकार हा. इंग्रजीत त्याला गर्टिंग म्हणतात. दोर टगच्या बाजूने, आडवा ताणला जातो. वर डेकपाशी दोर एकीकडे खेचतो, खाली पाण्यातलं पोट दुसरीकडे अडून बसतं, आणि या दोघांत टग कलंडतो. डेकची कड पाण्याखाली गेली की परतायला फारच थोडा वेळ उरतो. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीवर ग्रीनॉकजवळ ‘बायटर’ नावाचा दोन पंख्यांचा कन्व्हेन्शनल टग असाच उलटला. एका छोट्या प्रवासी जहाजाच्या पिछाडीला तो बांधलेला होता. दोर बाजूला जाऊ नये म्हणून मागे दाबून धरणारा दोर, गॉब रोप, लावला होता, पण त्याने टगला वाचवलं नाही. टगवरचे दोघंही गेले.

कन्व्हेन्शनल टगला, आणि मागच्या हुकावर दोर घेतलेल्या एएसडीला, हा धोका सर्वांत मोठा. नाळेवर दोर असलेल्या एएसडीला तो कमी आहे, पण नाही असं नाही. नाळेखाली उलटा धावताना जहाजाचा वेग वाढला आणि तुम्ही मागे पडलात, तर टग आडवा होतो आणि जहाज त्याला तसंच पुढे घेऊन जातं.

खुणा आधी दिसतात. दोर टगच्या मधल्या रेषेपासून ४५ अंशांच्या पलीकडे जायला लागतो. हँडल पूर्ण फिरवूनही नाळ वळत नाही. टग एका बाजूला झुकतो आणि परत येत नाही. जहाजाच्या पंख्याचा फेस मागे अचानक वाढतो, म्हणजे वर कुणी तरी इंजिन पुढे लावलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. यातली पहिली खूण दिसली की व्हीएचएफवर स्पष्ट सांगा: जहाजाचा वेग कमी करा. झुकलेला टग परत येत नाही असं वाटलं की दोर सोडा. त्या क्षणी कुणाची परवानगी मागायची नाही, आणि जहाजाचं काय होईल याचा विचारही करायचा नाही. रिलीज दाबला तरी ड्रम फिरून दोर मोकळा व्हायला काही क्षण जातात. म्हणून ते बटण ‘अजून बघू’ म्हणण्याच्या आधी दाबायचं असतं. व्हीलहाउसमध्ये दुसरा माणूस असेल तर त्याला बटणाची जागा माहीत हवी.

सातवी पायरी: दोर परत घेणं

जहाज धक्क्याला लागलं, दोऱ्या बांधल्या गेल्या, पायलटने ‘लेट गो’ म्हटलं की सगळ्यांचे खांदे सैल पडतात. मी सगळ्यात जास्त सावध होतो तो इथे. अझिमथ घेतल्यानंतरच्या पहिल्या वर्षात, एका जहाजावरच्या लोकांनी आमचा दोर मेसेंजरने न उतरवता वरून तसाच सोडून दिला. आम्ही नाळेखाली, दोन्ही थ्रस्टर फिरते. दोराचा डोळा टगच्या बाजूला पडला, पोटाखाली गेला, आणि डाव्या नोझलने तो आत घेतला. एक जाड, दबका आवाज, मग इंजिनाचा सूर एकदम खाली. क्लच सोडला. उजव्या थ्रस्टरवर टग तिरका चालवत बाहेर काढला. पाणबुड्याने दुसऱ्या दिवशी तो दोर करवतीने तुकड्या-तुकड्यांत कापून काढला, आणि सील बदलायला टग गोदीत चढवावा लागला.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. जहाजाचा पंखा थांबला आहे हे पायलटकडून ऐकायचं. टग पुढे नेऊन दोर ढिला करायचा, पण झोळ विंचवर घेत राहायचा. व्हीएचएफवर सांगायचं की मेसेंजरवर धरून सावकाश आरिया करा, म्हणजे खाली सोडा. आमचा माणूस नाळेवर उभा राहून दोराच्या डोळ्यावर नजर ठेवतो आणि हाताने मला खूण देत राहतो. डोळा डेकवर आला, मेसेंजरही पूर्ण खाली आला, त्याने दोन्ही हात वर केले, की मगच हँडल बाहेरच्या स्थितीतून हलवायची आणि जहाजापासून मागे निघायचं.